तळटिपेतील पत्ता आणि मत

इंग्रजी संशोधनग्रंथाच्या पानाचे छायाचित्र मराठी भाषांतरकाराच्या हाती येते तेव्हा वरचा मजकूर सहसा नीट वाचता येतो. अडचण पानाच्या तळाशी असते, कारण तळटिपा बारीक टायपात छापलेल्या असतात आणि शिवणीकडे पान वाकल्यामुळे ओळींची टोके सावलीत जातात. टिपांच्या पहिल्या ओळीला अंकच नसेल, तर ती मागच्या पानावरून चालत आलेल्या टिपेचा उरलेला भाग असतो, हे न ओळखता ती पहिल्या टीपांकाला जोडल्यास पुढची सगळी मांडणी घसरते. म्हणून वरचे आणि खालचे टीपांक आधी जुळवून घ्यावेत.

न्यायमूर्ती रानडे यांच्या १९०० साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ या ग्रंथाचा हवाला देणारी एक टीप कल्पावी. तिच्यात लेखक, ग्रंथनाम, स्थळ, वर्ष आणि ‘पृ. ४५-७’ एवढे दिल्यावर अर्धविराम आहे, आणि त्यापुढे ‘मात्र हे मत कोकणाला लागू पडत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी शेरा आहे. अर्धविरामापूर्वीचा भाग हा ग्रंथाचा पत्ता आहे. तो रोमन लिपीत, जसाच्या तसा राहावा. ग्रंथनामाचे मराठी केले तर ग्रंथालयाच्या सूचीत ते सापडत नाही, आणि त्याच ग्रंथाच्या मराठी भाषांतराचे नाव घातले तर पृष्ठांक जुळत नाहीत. ‘४५-७’ म्हणजे पंचेचाळीस ते सत्तेचाळीस. सात हा आकडा चुकीचा समजून तो ‘दुरुस्त’ करू नये. अर्धविरामानंतरचा शेरा मात्र लेखकाचा युक्तिवाद आहे, आणि तो इंग्रजीत सोडणे म्हणजे वाचकापासून मतभेद लपवणेच होय.

‘इबिड.’ या लॅटिन संक्षेपाचा अर्थ ‘त्याच ठिकाणी’, म्हणजे लगतच्या आधीच्या टिपेतील ग्रंथात, असा आहे. छायाचित्रातील पहिलीच टीप ‘इबिड.’ असेल तर तो ग्रंथ मागच्या पानावर असतो. ते पान मिळवून ग्रंथनाम चौकटी कंसात घालावे, म्हणजे ती भर भाषांतरकाराची आहे हे कळते. पान मिळाले नाही तर संक्षेप तसाच ठेवावा, अंदाजाने नाव भरू नये.

सर्वांत अधिक सावधगिरी मराठी साधनांच्या इंग्रजी उताऱ्यांबाबत लागते. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांतील एखादे पत्र इंग्रजी ग्रंथकाराने स्वतःच्या इंग्रजीत उतरवले असेल, तर त्याचे पुन्हा मराठी केल्याने अठराव्या शतकातील कारकुनाच्या तोंडी आजची भाषा येते. अशा वेळी टिपेतील खंड आणि लेखांक हेच उपयोगी पडतात: त्यांवरून मूळ पत्र काढून त्यातील शब्दच उतरवावेत, आणि ते हाती येईपर्यंत त्या उताऱ्याचा केवळ आशय, अवतरणचिन्हे न देता, सांगावा.