सरासरी नाडीवर जाऊ नका

प्रश्न : माझे वय 46. रोज 40 मिनिटे भरभर चालायचो, तेव्हा घड्याळात सरासरी नाडी 126 यायची. महिनाभर आठवड्यातले दोन दिवस तेवढ्याच वेळात चार मिनिटे पळणे, तीन मिनिटे चालणे असे चार फेरे करतो. सरासरी जेमतेम 133. मग एवढा दम काढून मिळवले काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सरासरीत तुमचे वॉर्मअप आणि मधले चालणेही मिसळते, म्हणून आकडा खाली येतो. पळताना पहिल्या मिनिटात नाडी मागेच असते. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याचे शेवटचे मिनिट पाहा. 220 वजा वय या ढोबळ हिशेबाने तुमची कमाल नाडी 174. शेवटच्या मिनिटात 150 ते 160 दिसले, तर फेरा जमला. मात्र हा हिशेब माणसागणिक दहा-बाराने सहज चुकतो, म्हणून पूर्ण वाक्य बोलता येते का, हेही पाहा. येत असेल, तर वेग कमी पडतोय. मनगटावरचे घड्याळ झटपट बदल उशिरा टिपते. छातीचा पट्टा बरा.

खरा फायदा दीड-दोन महिन्यांनी तपासा. त्याच सपाट रस्त्यावर, त्याच वेळी, त्याच वेगाने चाला. नाडी आधीपेक्षा पाच-सात ठोके कमी पडली, तर दमसास वाढला. सहसा तो फेऱ्यांनी लवकर वाढतो, पण नुसते चालणेही वाया जात नाही. दोन दिवस फेरे, बाकी चालणे, हे मला पटते. सकाळची विश्रांतीतली नाडी सलग चढी राहिली, तर फेरे थांबवा.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल, तर हे आकडे लागू नाहीत. छातीत दुखत असेल, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.