ओतलं पाणी, उरलं मीठ

प्रश्न : गेल्या दिवाळीत वास्तुशांतीला भाचीने सात काड्यांचा लकी बांबू दिला. काचेच्या उभ्या भांड्यात, पांढऱ्या खड्यांवर तो टीव्हीशेजारी ठेवला आहे. पाणी कमी झालं की मी दर चार दिवसांनी चहाचा एक कप पाणी घालते. तेही वाया जाऊ नये म्हणून आरओच्या बारीक नळीतून बाहेर पडणारं वापरते. मार्चपासून पानांची टोकं तपकिरी होऊ लागली, आणि आता एक काडी बुडापासून पिवळी पडली आहे. शेजारीण म्हणते उन्हात ठेवा. सासूबाई म्हणतात बांबू पिवळा पडणं चांगलं नव्हे, काढून वैनगंगेत सोडून दे. नेमकं काय करावं? – एक वाचक भगिनी, सावली (जि. चंद्रपूर)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य चहाच्या कपाचं आहे. तुम्ही पाणी घालता असं लिहिलंय. बदलता असं कुठेही लिहिलेलं नाही. दुखणं तिथूनच सुरू झालं आहे.

आधी एक घोळ निस्तरू. तुमचा लकी बांबू हा बांबू नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला बांबू काय ते सांगायला नको; बुरडाच्या हाताखालून रोज जातो तो मानवेल तुम्ही पाहिलेला असतो. त्याचा हिरवा तुकडा कापून भांड्यात उभा केला तर थोड्या दिवसांत पाणी वास मारू लागेल. भांड्यातली ही काडी ड्रेसिनाची आहे, शास्त्रीय नाव ड्रेसिना सँडेरियाना. तिचं मूळ घर कॅमेरूनच्या बाजूला, मध्य आफ्रिकेतल्या दाट जंगलात मोठ्या झाडांखाली. म्हणजे तिला हवी असते ती सावलीच, आणि हे तुमच्या गावाच्या नावावरून केलेला विनोद म्हणून सांगत नाही.

ड्रेसिनाच्या जातीला पाण्यातले क्षार सोसत नाहीत, त्यातही फ्लोराईड तर मुळीच नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे केंद्रीय भूजल मंडळाच्या फ्लोराईडच्या यादीत आहेत. याचा अर्थ प्रत्येक बोरिंगचं पाणी वाईट असा नाही. एकाच गावात या टोकाच्या बोरिंगला फ्लोराईड जास्त आणि त्या टोकाच्या विहिरीला नगण्य, असं असू शकतं. माणसाच्या पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतं. दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत. पण माणसाला चालणारं पाणी ड्रेसिनाला चालेलच असं नाही.

आता तुमच्या भांड्याचा हिशेब मांडू. मी अंदाजाने धरतो, तुम्ही मापून दुरुस्त करा. भांड्यात अर्धा लिटर पाणी मावतं आणि कप 100 मिलीचा आहे. मार्च-एप्रिलच्या दोन महिन्यांत दर चार दिवसांनी एक कप, म्हणजे पंधरा कप, म्हणजे दीड लिटर पाणी गेलं. आधीचं अर्धा लिटर धरून एकूण दोन लिटर. पण भांड्यात आजही अर्धाच लिटर आहे. बाकीचं दीड लिटर हवेत उडालं किंवा झाडाने ओढून पानांवाटे सोडलं. उडताना पाणी एकटंच उडतं, क्षार मागे राहतात. दोन लिटरचे क्षार अर्ध्या लिटरमध्ये, म्हणजे चौपट.

त्यात तुम्ही घालता ते आरओने टाकलेलं पाणी. समजा यंत्रात तीन लिटर पाणी गेलं, एक लिटर शुद्ध मिळालं आणि दोन लिटर नळीतून बाहेर आलं. तीन लिटरमधले जवळजवळ सगळे क्षार त्या दोन लिटरमध्ये उतरले, म्हणजे सुरुवातच दीडपटीने. चौपट गुणिले दीड, सहापट. तुमच्या नळाला लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराईड असेल, तर भांड्याच्या वाट्याला 6 च्या आसपास आलं. यातला काही भाग झाड स्वतः ओढून घेतं, त्यामुळे भांड्यातला आकडा थोडा कमी भरेल. पण ओढलेलं फ्लोराईड कुठे जातं तेच पाहायचं आहे. पाण्याबरोबर ते पानाच्या टोकापर्यंत चढतं, पाणी तिथून उडून जातं आणि ते तिथेच साठतं. म्हणून जळतं ते आधी टोक, मग कडा, आणि तपकिरी व हिरव्याच्या मधे पिवळी रेघ दिसते.

हे सगळं तुमच्या घरात दुसऱ्या एका ठिकाणी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर मेअखेर जो पांढरा थर बसतो तो मागे राहिलेल्या क्षारांचाच. भांड्याच्या काचेवर पाण्याच्या रेषेशी आणि वरच्या खड्यांवर बोट फिरवून पाहा; तसाच खरखरीत पांढरा कड हाताला लागेल. आणि टीव्हीशेजारी कूलरचा झोत येत असेल तर पाणी आणखी वेगाने उडत असणार.

पाणी रात्रभर उघडं ठेवून मग घाला, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. त्याने क्लोरीनचा वास बराचसा उडतो, फ्लोराईड जात नाही. उकळल्याने तर पाणी आटून ते अधिक दाट होतं. उपयोगाचं पाणी दोनच प्रकारचं : आरओची शुद्ध बाजू, किंवा पावसाचं. पहिले दोन-तीन पाऊस कवेलू धुऊन जाऊ द्या, मग पागोळीखाली गुंड लावा. एक झाकलेला गुंड या भांड्याला दोन-तीन महिने पुरेल.

हे झालं टोकांचं. काडी बुडापासून पिवळी पडणं हे मात्र वेगळं दुखणं आहे, आणि पिवळा रंग कुठून सुरू झाला हे विचारल्याशिवाय त्याचा उलगडा होत नाही. वरून खाली येणारा पिवळेपणा बहुधा पानांचा, म्हणजे क्षारांचा किंवा उन्हाचा असतो. बुडातून वर चढणारा मुळांचा. महिनोन्महिने न बदललेल्या, गरम हवेतल्या पाण्यात प्राणवायू कमी होतो, मुळं गुदमरून सडतात आणि सड काडीत शिरते. काडी बाहेर काढा आणि बुड दोन बोटांत दाबा. मऊ लागलं, साल सरकली, वास आला, तर सड. मुळं पाहताना एक ध्यानात ठेवा : या झाडाची निरोगी मुळं लालसर-नारिंगी असतात, ते पाहून घाबरून कापू नका. काळी, बुळबुळीत मुळं तेवढी मेलेली.

पिवळी झालेली काडी पुन्हा हिरवी होत नाही, कुठल्याही औषधाने नाही. ती आजच काढा, कारण सड त्याच पाण्यातून बाकीच्या सहांकडे जाते. काड्यांना सोनेरी तार किंवा रिबन घट्ट बांधलेली असेल तर सैल करा. पिवळ्या काडीचा वरचा भाग कडक आणि हिरवा असेल तर वाया घालवू नका. पिवळं संपतं त्याच्या दोन बोटं वर, स्वच्छ पुसलेल्या धारदार सुरीने कापा. तुकड्याला निदान दोन पेरं हवीत. कापल्यावर आतला भाग पांढरट, कोरडा दिसायला हवा; तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा. तो तुकडा वेगळ्या पेल्यात, दोन बोटं पाण्यात उभा करा. महिनाभरात खालच्या पेरातून मुळांचे ठोंब दिसू लागतील.

बाकीच्या सहा काड्यांची मुळं साध्या, गार नसलेल्या पाण्याने धुवा आणि काळी मुळं छाटा. खडे घासून उकळत्या पाण्यात बुडवून काढा. भांडं आतून ब्रशने घासा, साबणाचा अंश राहू देऊ नका. पाणी मुळं बुडतील इतकंच, तळापासून तीन-चार बोटं. गळ्यापर्यंत भरलं की काडीच भिजत राहते. यापुढे दर आठवड्याला सगळं पाणी ओतून नवं भरा. मधे कमी झालं तर थोडं घालायला हरकत नाही, पण ते बदलण्याच्या जागी धरू नका.

आठवड्याचा नेम झाडापुरताच नाही. डेंगीचा डास अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. 2001 साली चीनहून कॅलिफोर्नियात जहाजाने गेलेल्या लकी बांबूच्या पाण्यातून एडिस जातीचे डास तिथे पोचले होते. अंडी काचेला चिकटतात, म्हणून नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं. कोरडा दिवस पाळत असाल त्याच दिवशी हेही उरका.

शेजारणीचं ऐकू नका. आपल्याकडच्या मेच्या उन्हात हे झाड एका दुपारी पांढरट-पिवळं भाजून निघेल, आणि काचेच्या भांड्यात पाणी तापून शेवाळही धरेल. पण टीव्हीजवळचा कोपरा अंधारा असेल तर तेही नको. तिथे काडी लांबट, पानं फिकी होतात. दुपारी दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल पण ऊन अंगावर येणार नाही, अशी जागा बरी. काचेऐवजी चिनीमातीचं भांडं घेतलंत तर शेवाळाचा प्रश्नच मिटेल.

खत सध्या अजिबात नको, पिवळ्या पानावर लोक तेच आधी ओततात. शुद्ध पाण्यात चार-सहा महिने गेल्यावर सगळीच पानं सारखी फिकी वाटू लागली तर द्रवखताचा एक थेंब पुरे. सर्वांत खालचं एखादं पान वाळून गळालं तर ते वयाने गळालं समजा. जळलेली टोकं कात्रीने तिरपी छाटा, ती भरून येणार नाहीत. उपाय लागू पडला की नाही ते जुन्या पानांवर दिसणार नाही, शेंड्याच्या नव्या पानावर दिसेल. त्याला महिना-दीड महिना द्या.

एक सांगणं राहिलं. पानाचं टोक जळलं म्हणजे पाण्यात फ्लोराईडच आहे असं सिद्ध होत नाही, इतर क्षारांनीही तसंच होतं. पण घरातलं कोणी आरओऐवजी थेट बोरिंगचं पाणी पीत असेल, किंवा मुलांच्या दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी डाग दिसत असतील, तर पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या.

आणि सासूबाईंना सांगा, सडलेल्या काडीसाठी वैनगंगेपर्यंत जायची गरज नाही. परसातल्या खताच्या खड्ड्यात पुरली तरी चालेल.