कोकम सरबताचे विक्री अंदाजपत्रक

प्रश्न : आमच्या कोकम सरबताची निम्मी विक्री उन्हाळ्यातच होते. पुढच्या वर्षाचे विक्री अंदाजपत्रक कसे मांडावे?

उत्तर : वार्षिक विक्रीला सरळ चाराने भागू नका. आधी मागील चार-पाच वर्षांच्या तिमाही विक्रीवरून कल काढा. समजा, कलानुसार एप्रिल-जूनला १००० बाटल्या येतात आणि त्या तिमाहीचा हंगामी निर्देशांक २०० आहे. मग अंदाज २००० बाटल्यांचा. जुलै-सप्टेंबरचा कल १०५० आणि निर्देशांक ५० असेल, तर ५२५. चारही निर्देशांकांची बेरीज ४०० भरलीच पाहिजे. नसेल तर सगळे त्याच प्रमाणात दुरुस्त करा.

हा झाला अंदाज. उन्हाळ्यासाठी तुमच्याकडे १८०० बाटल्याच तयार होणार असतील, तर अंदाजपत्रकात १८०० धरा : १२० रुपये दराने २,१६,००० रुपये. एखाद्या वर्षी पाऊस फार लवकर येऊन विक्री घसरली असेल, तर निर्देशांक काढताना त्या तिमाहीचे विक्री-कल गुणोत्तर सरासरीतून वगळा.