गोळी नाकारणारा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण : एका अनुभवाच्या निमित्ताने

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने गोळी नाकारली की घरची मंडळी बहुधा दोन मार्ग धरतात : गोळी कुटून अन्नात मिसळणे, किंवा हात धरून ती तोंडात घालणे. आमच्या कक्षात दाखल झालेल्या ७८ वर्षांच्या एका आजींच्या घरी पहिला मार्ग अवलंबिला गेला होता. शिऱ्यातील कडवटपणा त्यांच्या ध्यानात आला आणि त्यांनी सुनेच्या हातचे जेवणच सोडले. शिवाय त्यांची मधुमेहाची गोळी पोटात हळूहळू विरघळणारी होती. अशी गोळी कुटली असता तासन्‌तास मिळावयाची मात्रा एकदमच शरीरात उतरते.

आम्ही प्रथम नकाराचे कारण शोधण्याचे ठरविले. तीन दिवस परिचारिकांनी गोळी देण्याची वेळ, देणारी व्यक्ती व आजींचे शब्द वहीत नोंदविले. सकाळी ७ वाजता घाईने, उभ्याने दिलेली गोळी परत येई. न्याहारीनंतर शेजारी बसून दिलेली बहुधा घेतली जाई. नोंदींत ‘टोचतं’ हा शब्द वारंवार आढळला. तोंड तपासले असता कवळीखाली व्रण दिसून आला. त्यावर उपचार झाले. डॉक्टरांनी सर्व औषधांचा फेरविचार करून नऊ गोळ्यांच्या चार केल्या. स्मृतिभ्रंशाच्या कॅप्सूलऐवजी त्वचेवर चिकटविण्याची पट्टी दिली. नवी पट्टी लावण्यापूर्वी जुनी काढलीच पाहिजे, अन्यथा मात्रा दुप्पट होते, हे सुनेला दाखवून दिले. पट्टी लावतानाही आजींना दररोज तसे सांगितले जाई.

गोळी देताना आजींना ताठ बसवून प्रथम घोटभर पाणी देत असू, कारण कोरड्या तोंडात गोळी चिकटते. मग परिचारिका म्हणे, “आजी, ही साखरेची गोळी. घेता का?” गोळी एकच, आणि पेला आजींच्याच हातात. ‘नको’ म्हणताच वाद न घालता परिचारिका दूर होई व १५-२० मिनिटांनी पुन्हा विचारी. कधी दुसरी परिचारिका जाई. आधीचा नकार आजींना बहुधा आठवत नसे. मात्र जबरदस्तीची भीती मनात राहते, असा आमचा अनुभव आहे.

तीन वेळा नकार आल्यास वहीत ‘नाकारली’ अशी प्रामाणिक नोंद होई. रक्तदाबाची एखादी मात्रा चुकल्यास पुढील वेळी दुप्पट देऊ नये. फिट्‌सचे, रक्त पातळ करण्याचे औषध किंवा इन्सुलिन चुकल्यास मात्र डॉक्टरांना त्याच वेळी कळवावे. नकार दिवसेंदिवस टिकला, तर ते औषध आता खरोखर आवश्यक आहे काय, हा प्रश्न डॉक्टर व कुटुंबीयांनी एकत्र बसून सोडवावा.

आजी आजही काही दिवशी गोळी नाकारतात. सुनेने वाढलेला शिरा मात्र त्या पुन्हा खाऊ लागल्या आहेत.