तीन ओळींचा शेरा

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या वर्गात एक पद्धत होती. प्रबंधिकेचा कच्चा खर्डा सरांच्या हाती देण्याआधी वर्गातल्या कुणीतरी एकाने तो वाचायचा आणि त्यावर लेखी टिपण द्यायचं. माझ्याकडे खर्डा आला तो लालबागमधल्याच मैत्रिणीचा. तिची चाळ आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. विषय होता १९८२चा गिरणी संप. बावीस पानं आणि पाच जुन्या कामगारांच्या मुलाखती. त्यातली एक तिच्या वडिलांची.

मी तो रात्री वाचला आणि सकाळी शेवटच्या पानावर लाल पेनाने लिहिलं: ‘मांडणी भावनिक झाली आहे. युक्तिवाद कमकुवत वाटतो. पुरावा वाढव.’ मला यातला शब्द न् शब्द खरा वाटत होता. वाचून झाल्यावर मनात जे उमटलं, तेच मी कागदावर उतरवलं होतं.

दहा दिवसांनी तिचा दुसरा खर्डा आला. त्यात वडिलांची मुलाखत नव्हती. मी ‘भावनिक’ म्हटलं होतं, म्हणून तिने ती काढून टाकली होती. ‘पुरावा वाढव’ म्हटलं होतं, म्हणून तळटीपांत सहा पुस्तकांची भर पडली होती. आणि नवव्या पानावरचं जे वाक्य खरोखर लंगडं होतं, ते जसंच्या तसं होतं: ‘या संपामुळे मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या.’

खर्ड्यातली सगळ्यात चांगली गोष्ट माझ्या शेऱ्याने गेली आणि सगळ्यात कच्ची गोष्ट राहिली. टिपण मोघम झालंय हे ओळखण्याची हीच खूण आहे. लिहिणाऱ्याने कष्ट घेतलेले असतात, पण भलत्या जागी. दोष तिचा नव्हता. कुठे बोट ठेवायचं ते मी सांगितलंच नव्हतं, कारण ते मलाच नीट कळलं नव्हतं.

मग मी पुन्हा वाचायला बसले, आणि या वेळी आधी एकच काम केलं. तिचा युक्तिवाद तिच्या बाजूने, माझ्या शब्दांत, चार ओळींत लिहून काढला. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप लांबला. पुढे गिरण्या बंद पडल्या. म्हणून संपामुळे पडल्या. लिहिता लिहिताच फट दिसली. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांच्यामधली पायरीच नव्हती. ही पायरी खर्ड्यात शोधली, तर ती कुठेच सापडेना. पाचही मुलाखती एकाच चाळीतल्या होत्या हेही तेव्हाच लक्षात आलं. पण ती दुय्यम बाब होती. पाचाच्या पन्नास मुलाखती झाल्या असत्या तरी ती पायरी भरली नसती, कारण गिरणी का बंद झाली हे साच्यावर काम करणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. स्वतःवर काय बेतलं, ते मात्र त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

दुसरं टिपण लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. ते इथे जवळजवळ पूर्ण देते.

‘आधीच्या शेऱ्यात मी भावनिक म्हटलं, तो शब्द मागे घेते. बाबांची मुलाखत परत घाल. आता एकाच जागेबद्दल लिहिते: पान ९, दुसरा परिच्छेद. मला तुझं म्हणणं असं कळलं, की संप झाला नसता तर गिरण्या चालू राहिल्या असत्या. चुकत असेन तर सांग. हे म्हणणं मला दोन ठिकाणी अडतं. एक, अहमदाबाद. तिथल्या कापड गिरण्याही त्याच दशकात धडाधड बंद पडल्या आणि तिथे असा संप झाला नव्हता. मग दोन्ही शहरांत सारखं काय होतं, हे तुला सांगावं लागेल: जुनी यंत्रं, यंत्रमागाचं स्वस्त कापड. आपल्याकडे भिवंडी संपाच्या आधीपासून होतीच. दोन, सगळ्या गिरण्या संपानंतर लगेच बंद झालेल्या नाहीत. १९८३मध्ये तेरा गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. कित्येक गिरण्या पुढे वर्षानुवर्षं रडतखडत चालल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली, त्याचा तुझ्या खर्ड्यात उल्लेखच नाही. तुझ्या मुलाखती मात्र वेगळंच काहीतरी ठामपणे सांगतात. बाबा म्हणतात, परत गेलो तेव्हा बदलीवाल्यांना दारातच थांबवलं. आणखी दोघे हेच सांगतात. म्हणजे संपानंतर कुणाला परत घेतलं आणि कुणाला नाही, हे तुझ्याकडे आहे. मला वाटतं तुझा प्रबंध तिथे आहे. शुद्धलेखन, तळटीपा मी या वेळी पाहिलेल्या नाहीत.’

चिवडा गल्लीच्या तोंडाशी उभी राहून तिने ते माझ्यासमोरच वाचलं. शेवटपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अहमदाबादचं मला सुचलंच नव्हतं. पण एक सांगू? संप नसता तर मालकांना एवढी माणसं एका फटक्यात कमी करता आली असती का?’ तिचा प्रश्न बरोबर होता. संप हे बंद पडण्याचं मूळ नसेल, पण माणसं कमी करायला त्याने संधी दिली, हे विधान तिच्या मुलाखतींवर उभं राहू शकत होतं. माझ्या टिपणात ते नव्हतं. ‘चुकत असेन तर सांग’ हे वाक्य घातलं नसतं, तर कदाचित ती हे बोललीच नसती.

वर्गमित्राचा खर्डा हाती आला, तर त्याचं म्हणणं आधी स्वतः लिहून काढा. ते तुम्हाला लिहिता आलं नाही, तर ‘पटत नाही’ म्हणू नका. ‘कळलं नाही’ म्हणा आणि कुठल्या ओळीपासून कळेनासं झालं ते सांगा. लिहिता आलं, तर फट आपोआप दिसते. मग पान आणि परिच्छेद लिहून तिच्यावरच बोट ठेवा आणि अडवणारा दाखला द्या. ‘पुरावा वाढव’ म्हटलं की माणूस पुस्तकांची नावं वाढवतो. ‘अहमदाबादचं काय?’ असं विचारलं की त्याला विचार करावाच लागतो.

सौम्यपणाबद्दल माझा आधी एक गैरसमज होता. कडक शेऱ्याच्या पुढेमागे दोन गोड वाक्यं लावली की तो सौम्य होतो, असं मला वाटायचं. ‘छान झालंय, थोडं अजून बघ’ हा शेरा माझ्या लाल शेऱ्याइतकाच निरुपयोगी आहे, कारण त्यातूनही काय करायचं ते कळत नाही. लिहिणाऱ्याच्या हातात असलेलंच साहित्य कोणतं विधान पेलू शकतं, हे दाखवून दिलं की त्याला खर्डा फाडावासा वाटत नाही. आणि ज्या लिखाणात घरचं माणूस आहे, तिथे ‘भावनिक’ हा शब्द वापरू नका. तो युक्तिवादावर टाकला तरी लागतो त्या माणसाला.

हेही सांगते, की असं टिपण मुदतीच्या आदल्या रात्री देऊ नका. मी दुसरं टिपण दिलं तेव्हा तिच्याकडे तीन आठवडे होते, म्हणून तिला नववं पान नव्याने लिहिता आलं आणि बदलीवाल्यांना भेटायला काळाचौकी आणि परळला जाता आलं. दोनच दिवस असते, तर मी मोठी फट तोंडी सांगितली असती आणि लेखी टिपणात फक्त त्या एका वाक्यातला ‘मुळे’ बदलून ‘नंतर’ करायला सांगितलं असतं. तेवढ्यानेही खोटं विधान टळतं.

तिच्या वडिलांची मुलाखत आता प्रबंधिकेच्या दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला आहे, साडेतीन पानांची, एक शब्दही न गाळता.