केशर-बदाम दूध : ना गुठळी, ना साय, ना कचकच

भुसावळच्या एका वस्तीत गृहभेटीला गेले होते. घरात पाच महिन्यांची गरोदर सून. सासूबाई म्हणाल्या, "सिस्टर, एवढे महागाचे बदाम घालून दूध करते, पण ही अर्धा पेला ठेवून देते." पेला पाहिला. वर साय, मधे गुठळ्या, तळाशी जाडसर भरड. मळमळ होणाऱ्या बाईने हे कसं प्यावं? मग आम्ही दोघींनी मिळून दूध पुन्हा केलं.

अर्धा लिटर दूध आणि 20 बदाम घेतले. बदाम कडकडीत पाण्यात अर्धा तास ठेवून सोलले. साल राहिली तर ती कितीही वाटली तरी जिभेला लागते. कडू निघालेला बदाम मात्र टाकून द्यावा. मिक्सरमध्ये आधी फक्त दोन-तीन चमचे दूध घातलं. सुरुवातीलाच जास्त दूध ओतलं की बदामाचे तुकडे पात्यापासून दूर पळतात आणि भरड उरते. मधे मधे कडेचं खाली ओढून वाटलं. चिमूटभर वाटण बोटांत चोळलं, रवा लागला नाही, तेव्हा थांबलो.

गुठळ्या होतात त्या घट्ट वाटण उकळत्या दुधात टाकल्याने. गोळ्याची बाहेरची बाजू लगेच आवळते आणि आतलं तसंच राहतं. म्हणून वाटणात अर्धी वाटी थंड दूध घालून ते ताकासारखं पातळ केलं. उरलेलं दूध उकळून, कोमट करून, त्यावरची साय काढली. मग एका हाताने बारीक धार आणि दुसऱ्या हाताने पळी, असं वाटण त्यात मिसळलं. पुन्हा मंद आचेवर ठेवून सात-आठ मिनिटं तळापासून ढवळलं, कारण बदाम खाली बसून लागतो.

केशराच्या 8-10 काड्या चुरून दोन चमचे गरम दुधात 15 मिनिटं ठेवल्या होत्या. त्या आणि चार चमचे साखर शेवटी घातली. टाकताच लालभडक रंग सुटला आणि काडी पांढरी पडली, तर ते केशर भेसळीचं समजा. खऱ्याचा रंग सावकाश, पिवळसर सुटतो.

दूध उघडं निवलं की वरचं पाणी उडून साय धरते. म्हणून उतरवल्यावर दोन भांड्यांत चार-पाच वेळा वरखाली ओतलं, लगेच पेल्यात भरून झाकलं. तरीही कण लागले तर पातळ फडक्यातून गाळा, पण चोथा टाकू नका. थोडं दूध घालून पुन्हा वाटा.

सुनेने पेला रिकामा केला. सासूबाईंनी हळूच विचारलं, "केशराने बाळ गोरं होईल ना?" नाही माय. बाळाचा रंग आई-बापाकडून येतो, केशराने बदलत नाही. केशर नसेल तर वेलची घाला. दुधाचा आणि बदामाचा कस तोच राहतो. बदाम खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात किंवा घसा सुजतो, अशांना मात्र हे देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळालाही नको.