पाच गुंठ्यांचे पावणेतीन झाले, त्याची गोष्ट

नवी मुंबईत सरकारी कागदांचा सारांश ही चैन नाही, गरज आहे. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. तेव्हापासून इथल्या घराघरांत निवाडे, नोटिसा आणि शासन निर्णय येत राहिले. ते सगळे कोण वाचणार? म्हणून प्रत्येक गावात कुणीतरी चार ओळींत अर्थ सांगणारा असतो. गेली बरीच वर्षं मीही शेजारपाजारच्या घरांसाठी हे काम करतो आहे. त्या अनुभवातलं एक प्रकरण इथे सविस्तर मांडतो, कारण त्या प्रकरणातल्या कागदावरचा एकही आकडा खोटा नव्हता, तरी हिशोब जवळजवळ निम्म्याने चुकला होता.

प्रकरण साडेबारा टक्के योजनेचं. जानेवारी 1984 मध्ये उरण भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे 1990 आणि 1994 च्या शासन निर्णयांनी ही योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतक्या क्षेत्राचा हक्क विकसित भूखंडाच्या रूपाने प्रकल्पग्रस्ताला द्यायचा, हे तिचं सूत्र. पण त्या साडेबारातले तीस टक्के, म्हणजे 3.75, सार्वजनिक सुविधांसाठी वजा होतात आणि हातात 8.75 टक्के येतात. भूखंडावर दीड एफएसआय मिळतो आणि पंधरा टक्क्यांपर्यंत व्यापारी वापर करता येतो. भूखंड भाडेपट्ट्याने मिळतो.

उरण तालुक्यातल्या एका घरात दोन भाऊ आणि एक लग्न झालेली बहीण असे तीन वारस होते. एका मध्यस्थाने त्यांना योजनेचा सारांश लिहून दिला होता. तो असा होता: ‘साडेबारा टक्के जमीन परत मिळेल. दीड एफएसआय. पंधरा टक्के दुकानं.’ सातबाऱ्यावर चाळीस गुंठे होते. चाळीसचे साडेबारा टक्के म्हणजे बरोबर पाच गुंठे. एवढ्यावर भावंडांनी आपसात लिहून घेतलं की बहिणीला दीड गुंठा आणि दोघा भावांना पावणेदोन-पावणेदोन. बिल्डरशी बोलणीही पाच गुंठे धरूनच सुरू झाली.

इरादापत्र आलं तेव्हा त्यावर साधारण 283 चौरस मीटर होते, म्हणजे पावणेतीन गुंठ्यांच्या जरा वर. थोरला भाऊ कागद घेऊन माझ्याकडे आला आणि पहिलंच वाक्य बोलला, “काका, आमचे दोन गुंठे खाल्ले कुणी?” धाकट्याला वाटत होतं की थोरल्याने काहीतरी परस्पर केलं. बहीण म्हणत होती, “माझा दीड गुंठा लिहिलाय तो लिहिलाय.” पण पावणेतीन गुंठ्यांत तिचा दीड गुंठा म्हणजे अर्ध्याहून जास्त होत होता.

आम्ही निवाडा उघडला. त्यात संपादित क्षेत्र बत्तीस गुंठे होतं. उरलेले आठ गुंठे संपादनात गेलेच नव्हते. बत्तीसचे साडेबारा टक्के चार गुंठे. त्या चारांतले तीस टक्के, म्हणजे 1.2 गुंठे, सुविधांसाठी वजा. राहिले 2.8 गुंठे. गुंठ्याचे साधारण 101 चौरस मीटर धरले की 283 चौरस मीटर होतात. कुणीही काहीही खाल्लं नव्हतं. पाचातला एक गुंठा ‘संपादित’ हा शब्द गळाल्यामुळे जास्त दिसला आणि 1.2 गुंठे वजावटीचं वाक्य गळाल्यामुळे.

बांधकामाचा हिशोबही त्याच वाटेने घसरला होता. पाच गुंठ्यांवर दीड एफएसआय म्हणजे सुमारे 759 चौरस मीटर बांधकाम आणि त्याचे पंधरा टक्के म्हणजे 114 चौरस मीटर दुकानं, असं त्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात 283 वर दीड म्हणजे 425 चौरस मीटर, आणि त्यात दुकानं फार तर 64 चौरस मीटर. तीही ‘पर्यंत’, म्हणजे कमाल मर्यादा. मध्यस्थाच्या कागदावर ‘पर्यंत’ नव्हतं, त्यामुळे ती हक्काची दुकानं वाटली.

या प्रकरणानंतर कुणाचाही सारांश हातात आला, की मी तो चार पायऱ्यांनी तपासतो. आकडे जुळतात का एवढंच पाहणं पुरत नाही, हे वरच्या हिशोबावरून कळलंच असेल.

पहिली पायरी, प्रत्येक आकड्याला ‘कशाचे?’ विचारणं. कोरा कागद घ्यायचा, उभी रेघ मारायची. डावीकडे मूळ कागदातला प्रत्येक आकडा त्याच्या एककासह लिहायचा आणि उजवीकडे तो कशाचा आहे ते. 12.5 टक्के: संपादित क्षेत्राचे. 30 टक्के: त्या साडेबाराचे. 8.75 टक्के: पुन्हा संपादित क्षेत्राचे. दीड: हातात आलेल्या भूखंडाच्या क्षेत्राच्या पटीत. मग सारांशात बघायचं की आकड्यासोबत त्याचं ‘कशाचे’ आलं आहे का. टक्केवारीत हे फार महत्त्वाचं, कारण टक्के एकटे कधीच नसतात. ‘साडेबारा टक्के योजनेत 8.75 टक्के मिळतात’ हे वाक्य ऐकायला बरोबर आहे, पण मी एका गृहस्थांना ते वाचायला दिलं तर त्यांनी चार गुंठ्यांचे 8.75 टक्के काढले, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. ‘संपादित क्षेत्राच्या 8.75 टक्के’ असं लिहिलं की ही वाट बंद होते.

आकडा सोपा करण्याचा मोहही इथेच तपासावा. 8.75 ला ‘जवळजवळ नऊ टक्के’ म्हटलं तर काय बिघडतं? एक एकर संपादित जमिनीवर पाव टक्का म्हणजे दहा चौरस मीटर. एवढ्यात एक छोटी खोली बसते. इथल्या जमिनीच्या भावात दहा चौरस मीटर कुणी सोडत नाही. बातमीच्या मथळ्यात नऊ चालेल, वाटणीच्या कागदात चालणार नाही. किती सूक्ष्म राहायचं हे वाचणारा त्या आकड्याने काय करणार आहे त्यावरून ठरवावं.

दुसरी पायरी, बंधन घालणाऱ्या शब्दांखाली रेघ ओढणं. मूळ कागदात ‘पर्यंत’, ‘किमान’, ‘वगळून’, ‘वजा जाता’, ‘पात्र’, ‘च्या अधीन राहून’, ‘ऐवजी’, ‘शिवाय’ असे शब्द दिसतील तिथे लाल रेघ मारायची. लांबी कमी करताना हेच शब्द आधी कापले जातात, कारण ते काढले तरी वाक्य व्याकरणाने शाबूत राहतं. प्रत्येक रेघेसाठी सारांशात तोच किंवा त्याच ताकदीचा शब्द आहे का ते पाहायचं. नसेल, तर तो काढल्याने कुणाचं किती नुकसान होतं ते एका वाक्यात सांगून बघायचं. सांगता आलं, तर शब्द परत घालायचा.

याचं मोठं उदाहरण विमानतळाच्या गावांचं आहे. तिथल्या प्रकल्पग्रस्तांसाठी 2014 मध्ये साडेबावीस टक्के विकसित जमिनीचा निर्णय झाला. ‘आधी साडेबारा होते, आता साडेबावीस झाले’ अशी एक ओळ तेव्हा सर्रास ऐकू यायची. दोन्ही आकडे खरे आहेत. पण साडेबारा टक्के हे रोख मोबदल्याशिवाय वेगळे होते आणि साडेबावीस टक्के हे रोख मोबदल्याऐवजी होते. ‘शिवाय’ आणि ‘ऐवजी’ हे दोन शब्द नसतील तर ही तुलनाच होत नाही, कारण दोन बाजूंना सारख्या गोष्टी ठेवलेल्या नाहीत.

तिसरी पायरी, उलटा हिशोब. माझ्या मते ही सगळ्यांत भरवशाची. मूळ कागद न वाचलेल्या माणसाला फक्त सारांश द्यायचा आणि एक उदाहरण सोडवायला सांगायचं: सातबाऱ्यावर चाळीस गुंठे, निवाड्यात बत्तीस, तर हातात किती? त्याने आपल्याला काहीही विचारायचं नाही आणि आपण काहीही सुचवायचं नाही. त्याचं उत्तर 2.8 आलं तर सारांश तग धरतो. 3.5 आलं तर ‘संपादित’ हरवलं आहे, चार आलं तर वजावट हरवली आहे, पाच आलं तर दोन्ही. चुकीच्या उत्तरावरूनच गळालेली जागा सापडते. उदाहरण मात्र असं निवडावं की प्रत्येक अटीने उत्तर बदललं पाहिजे. सातबारा आणि निवाडा दोन्हीकडे चाळीसच गुंठे घेतले असते, तर पहिली चूक लपून राहिली असती.

चौथी पायरी, आकडे झाकून वाचणं. आकड्यांवर बोट ठेवायचं आणि उरलेल्या शब्दांतून काय समजूत होते ते सांगायचं. ‘जमीन परत मिळेल’ यातून वाटतं की आपल्याच शेताचा तुकडा, आपल्या मालकीने, परत येणार. वास्तविक मिळतो तो दुसऱ्याच जागेचा, सोडतीत येणारा, रस्ते-पाणी असलेला आणि भाडेपट्ट्याचा भूखंड. आकडे सगळे बरोबर लिहूनही ‘परत’ या शब्दाने चित्र उलटं होतं. म्हणून आकड्यांची तपासणी आणि अर्थाची तपासणी मी वेगवेगळी, एकापाठोपाठ करतो.

या तपासणीला एक मर्यादा आहे. ती सारांश मुळाशी जुळतो का एवढंच सांगते. मूळच बदललं असेल तर सांगत नाही. सिडकोच्या योजनांत आणि भाडेपट्ट्याच्या अटींत वेळोवेळी फेरफार झाले आहेत. म्हणून सारांशाच्या खाली कोणत्या तारखेचा कोणता कागद वाचून तो केला ते लिहावंच, आणि सही करण्याआधी मूळ कागद आणि त्यानंतरचे बदल जाणत्या वकिलाला दाखवावेत.

त्या भावंडांसाठी मग मी नवा सारांश लिहिला: ‘निवाड्यातल्या संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्क्यांवर हक्क, त्यातले तीस टक्के सुविधांसाठी वजा जाऊन संपादित क्षेत्राच्या 8.75 टक्के विकसित भूखंड भाडेपट्ट्याने. आपले 32 गुंठे संपादित, म्हणून 2.8 गुंठे. त्या क्षेत्रावर दीड एफएसआय, व्यापारी वापर पंधरा टक्क्यांपर्यंत.’ पहिल्या कागदापेक्षा तो बराच मोठा झाला, पण तिघांनी वेगवेगळा हिशोब केला आणि तिघांचं उत्तर एकच आलं. वाटणी त्यांनी गुंठ्यांत न लिहिता हिश्शांत लिहिली, म्हणजे क्षेत्र पुढेमागे झालं तरी वाद नको.

सारांश करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: जागा कमी पडली आणि अट मावत नसेल, तर आकडाही काढून टाका आणि ‘क्षेत्र निवाड्यावरून काढावं लागेल’ असं लिहा. आकडाच दिला नाही तर वाचणारा विचारायला येतो. अटीविना आकडा दिला तर तो सरळ वाटणी करायला बसतो.